हप्ता पाच हजारांनी कमी, पण शेवटी तीन लाख एकदम: लीजमधली ‘रेसिड्युअल व्हॅल्यू’ आणि ‘बलून पेमेंट’ म्हणजे नेमकं काय?

समजा, वसमतच्या मोंढ्यात हळदीची आडत चालवणाऱ्या एका व्यापाऱ्याला पिकअप घ्यायचा आहे. खेड्यांतून माल आणायचा, पॉलिश करायला न्यायचा, अधूनमधून नांदेडला पोहोचवायचा, एवढं काम. गाडीची किंमत 10 लाख रुपये. त्याच्या हातात दोन कागद येतात. दोन्हींवर मुदत 48 महिने आणि व्याजदर वर्षाला 12 टक्के. पण एका कागदावर महिन्याचा हप्ता आहे 26,334 रुपये आणि दुसऱ्यावर 21,434 रुपये.

गाडी, दर आणि मुदत तीच असताना हप्त्यात जवळपास पाच हजारांचा फरक कसा पडतो?

उत्तर दुसऱ्या कागदाच्या तळाशी एका ओळीत असतं. तिथे ‘रेसिड्युअल व्हॅल्यू 30 टक्के’ असं लिहिलेलं असतं. करार कर्जाचा असेल तर त्याच जागी ‘बलून पेमेंट 3,00,000’ असं दिसतं. शोरूममध्ये बोलणं बहुतेक वेळा हप्त्याभोवतीच फिरतं, त्यामुळे या ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हप्ता ठरतो मात्र तिच्यावरच.

हप्ता कमी होतो तो कशामुळे?

साध्या कर्जात 10 लाखांची पै न पै 48 हप्त्यांत फेडली जाते. शेवटचा हप्ता गेला की देणं शून्य होतं.

लीज म्हणजे भाडेपट्टा. त्याचा विचार थोडा वेगळा असतो. चार वर्षांनी गाडी भंगार झालेली नसेल, तिला बाजारात काहीतरी किंमत असेल. ती किंमत सुरुवातीलाच अंदाजाने ठरवतात. हीच रेसिड्युअल व्हॅल्यू, म्हणजे मुदतीनंतर गाडीत उरलेली किंमत. आपल्या उदाहरणात ती 3 लाख धरली आहे. याचा अर्थ चार वर्षांत गाडीची 7 लाखांची किंमत वापरली जाणार, आणि हप्त्यांतून फेडायचे ते तेवढेच 7 लाख.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. उरलेले 3 लाख हप्त्यांतून फेडले जात नसले तरी फायनान्स कंपनीचे तेवढे पैसे चार वर्षं गाडीत अडकलेलेच असतात, आणि त्यावर ती व्याज घेते. म्हणून 21,434 च्या हप्त्याचे दोन तुकडे पडतात. 7 लाख मुद्दल व्याजासह फेडण्यासाठी दरमहा 18,434 रुपये लागतात. उरलेल्या 3 लाखांवर महिन्याला 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये नुसतं व्याज. दोन्हींची बेरीज 21,434.

ते 3,000 रुपये 48 महिने जातात आणि 3 लाखांतला एक रुपयाही त्यातून कमी होत नाही. गावाकडे सावकाराला नुसतं व्याज देत राहायचं आणि मुद्दल तसंच ठेवायचं, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे तो छापील करारात बसवलेला असतो आणि व्याजाचा दर बराच सौम्य असतो.

याच हिशोबातून एक सोपं माप हाती लागतं. 12 टक्के दर आणि 48 महिने असतील, तर शेवटी ढकललेल्या प्रत्येक 1 लाखामागे हप्ता सुमारे 1,633 रुपयांनी उतरतो आणि एकूण व्याज सुमारे 21,600 रुपयांनी वाढतं. आपल्या व्यापाऱ्याने 3 लाख शेवटी ढकलले, म्हणून हप्ता 4,900 ने उतरला आणि एकूण व्याज जवळपास 65,000 ने वाढलं. बलूनशिवाय चार वर्षांत एकूण 12.64 लाख गेले असते, आता 13.29 लाख जातील.

म्हणजे ही फसवणूक नाही. पैसे उशिरा द्यायचे तर त्याचं भाडं लागणारच. खरा प्रश्न पुढचा आहे.

दोन नावं, पण जोखीम कुणाची?

रेसिड्युअल व्हॅल्यू आणि बलून पेमेंट हे शब्द शोरूममध्ये एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. हप्त्याच्या गणितात दोन्ही सारखेच वागतात. फरक कळतो तो 49 व्या महिन्यात.

बलून पेमेंट हे देणं आहे. गाडी पहिल्या दिवसापासून व्यापाऱ्याची असते, तिच्यावर फायनान्स कंपनीचा बोजा असतो, आणि शेवटी 3 लाख द्यावेच लागतात. गाडी तेव्हा 2 लाख 20 हजारांना विकली जात असेल तर वरचे 80 हजार व्यापाऱ्याच्या खिशातून जातात.

ऑपरेटिंग लीजमध्ये रेसिड्युअल व्हॅल्यू हा लीज कंपनीने लावलेला अंदाज असतो. मुदत संपली की व्यापारी किल्ली परत देतो. गाडी 2 लाख 20 हजारांना गेली तर 80 हजारांचा फटका कंपनी सोसते. म्हणूनच अशा करारात कंपनी अंदाज जपून लावते आणि अटी कडक ठेवते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. करारावर ‘लीज’ असं लिहिलेलं असतं, पण आत एका कलमात ‘गाडी कमी किमतीला विकली गेल्यास फरकाची रक्कम भाडेकरू भरेल’ अशा अर्थाचं वाक्य असतं. हे वाक्य असेल तर नाव काहीही असो, जोखमीच्या बाजूने तो बलूनच आहे. करार हातात आल्यावर हप्त्याच्या आधी शोधायचं ते हे वाक्य.

मोटारींच्या महागड्या बाजारात याचा चौथा अवतारही दिसतो. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या फायनान्स शाखांनी भारतात ‘शेवटी गाडी अमुक किमतीला आम्हीच परत घेऊ’ अशा हमीच्या योजना आणल्या. तिथे ग्राहकाला शेवटी निवड मिळते: मोठी रक्कम भरून गाडी ठेवायची किंवा परत करून मोकळं व्हायचं. वसमतच्या पिकअपला अशी हमी सहसा मिळत नाही. त्याचं कारण पिकअप कसा वापरला जातो यात आहे.

तीन लाखांचा आकडा येतो कुठून?

मालवाहू गाडीची चार वर्षांनंतरची किंमत प्रामुख्याने किती किलोमीटर चालली, किती लादली आणि त्या मॉडेलला जुन्या बाजारात किती मागणी आहे यावर ठरते. हळदीच्या हंगामात क्षमतेपेक्षा जास्त पोती भरलेला पिकअप आणि शहरात कुरिअरची खोकी वाहणारा पिकअप हे कागदावर एकाच वर्षाचे असले तरी त्यांच्या चेसिस आणि पाट्यांकडे पाहून मेकॅनिक लगेच फरक सांगतो.

लीज कंपनी हे जाणते, म्हणून करारात किलोमीटरची मर्यादा घालते. समजा मर्यादा वर्षाला 20,000 किलोमीटर आहे. वसमत ते नांदेड जाऊन-येऊन साधारण 80 किलोमीटर धरले आणि वर्षातले 300 दिवस एक फेरी झाली, तर 24,000 किलोमीटर होतात. चार वर्षांत मर्यादेपेक्षा 16,000 किलोमीटर जास्त. जादा किलोमीटरला 3 रुपये असा दर असेल तर गाडी परत करताना 48,000 रुपये भरावे लागतील. वर खरचटलेली बॉडी, बदललेले टायर आणि राहिलेली सर्व्हिसिंग यांचं वेगळं. हप्ता ठरवताना या गोष्टी कुणी बोलत नाही. मुदतीनंतर गाडी तपासायला माणूस येतो तेव्हा मात्र त्याची यादी तयार असते.

विक्रेत्याच्या बाजूने पाहिलं तर आकडा फुगवण्याचा मोह उघड आहे. रेसिड्युअल व्हॅल्यू 30 टक्क्यांऐवजी 50 टक्के धरली की हप्ता 18,167 वर येतो आणि गाडी ‘फक्त अठरा हजारांत’ होते. पण कष्टाची कामं करणारा पिकअप चार वर्षांनी निम्म्या किमतीला जाईल का? बलून असेल तर या फुगवलेल्या आकड्याची किंमत विक्रेत्याला नाही, घेणाऱ्यालाच मोजावी लागते. पडताळायचा उपाय साधा आहे. तेच मॉडेल, चार वर्षं जुनं, एमएच-38 किंवा आसपासच्या पासिंगचं, आज जुन्या गाड्यांच्या बाजारात कितीला मिळतंय ते दोन-तीन ठिकाणी विचारायचं. बलूनची टक्केवारी त्या भावापेक्षा जास्त असेल तर शेवटी खड्डा पडणार हे आजच कळतं.

खड्डा मुदत संपायच्या आधीही पडू शकतो. 50 टक्के बलूनच्या करारात दोन वर्षांनंतरही सुमारे 7 लाख 80 हजारांचं देणं शिल्लक असतं, कारण हप्त्यांतून मुद्दल हळूहळूच उतरत असतं. विम्यात गाडीची किंमत दरवर्षी कमी धरली जाते आणि नेहमीच्या तक्त्यानुसार तिसऱ्या वर्षी ती 30 टक्क्यांनी उतरलेली असते, म्हणजे 7 लाख. त्या वेळी गाडी अपघातात पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विम्याचे पैसे थेट फायनान्स कंपनीकडे जातील आणि तरीही व्यापाऱ्याकडे 80 हजारांचं देणं उरेल. तेही गाडीशिवाय. बलूनशिवायच्या कर्जात त्याच दिवशी देणं सुमारे 5 लाख 60 हजार असतं.

दसऱ्याची गाडी, दसऱ्याचा बलून

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा संशोधन केंद्रही इथेच आहे. पण हळदीच्या धंद्याचं पैशाचं वेळापत्रक या दोहोंच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. जूनच्या आसपास लागवड, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मार्चपासून पुढे बाजारात आवक. आडत्याच्या हातात पैसा खेळतो तो याच काळात, उन्हाळ्यात.

आणि गाडी कधी घेतली जाते? दसऱ्याला किंवा दिवाळीच्या पाडव्याला.

48 महिन्यांचा करार दसऱ्याला सुरू झाला तर चार वर्षांनी दसऱ्यालाच संपतो. म्हणजे बलूनचे 3 लाख मागितले जातात ते हळद अजून शेतात उभी असताना. व्यापाऱ्याने उन्हाळ्यात कमावलेला पैसा तोपर्यंत उधारीत, उचलीत आणि साठवलेल्या मालात गेलेला असतो. बलून ही हंगामी धंद्याला सोयीची गोष्ट असू शकते, पण ती हंगामात पडली तरच.

उपायाला फारसं डोकं लागत नाही. ऑक्टोबरमध्ये गाडी घेणाऱ्याने 48 ऐवजी 42 किंवा 54 महिने मागितले की शेवट एप्रिलमध्ये येतो. मुहूर्ताची फार ओढ नसेल तर गुढीपाडव्याला गाडी घेतली तरी तेच साधतं. काही फायनान्स कंपन्या ट्रॅक्टरसाठी सहामाही किंवा पिकाप्रमाणे हप्ते बांधून देतात. मालवाहू गाडीसाठीही तसं विचारायला हरकत नाही. कंपनी नाही म्हणेल, पण विचारल्याशिवाय ती आपणहून सांगणारही नाही.

दुसरा रस्ता म्हणजे दरमहा वाचलेले 4,900 रुपये बाजूला टाकणं. इथे आकडे थोडे निर्दय आहेत. त्या पैशांवर 12 टक्के मिळाले तर 48 महिन्यांत बरोबर 3 लाख जमतात. तो योगायोग नाही, हप्ताच त्या दराने काढलेला आहे. पण आवर्ती ठेवीत सहा टक्क्यांच्या आसपास मिळाले तर जमतात सुमारे 2 लाख 65 हजार. म्हणजे एकही महिना न चुकवणाऱ्या माणसालासुद्धा 35 हजार कमी पडतात. हाच पैसा धंद्यात फिरवून 12 टक्क्यांहून जास्त मिळवता येत असेल, तर मात्र बलून त्याच्या फायद्याचा आहे. व्यापाऱ्यासाठी हे शक्य असतं. पगारदाराने घरच्या गाडीसाठी बलून घेतला तर त्याच्याकडे असा पैसा फिरवायची जागा सहसा नसते.

आणि पैसे जमलेच नाहीत तर? तर त्या 3 लाखांचं नवं कर्ज करतात. आता गाडी चार वर्षांची जुनी असते आणि जुन्या गाडीवर व्याज चढं लागतं. 16 टक्के धरले तर आणखी दोन वर्षं दरमहा सुमारे 14,700 रुपये, एकूण साडेतीन लाखांच्या वर. तोपर्यंत कर्जमुक्तीचा फॉर्म 35 मिळत नाही, आरसी बुकावरचा बोजा उतरत नाही आणि गाडी विकताही येत नाही.

अनामत रकमेचा डाव

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट वर आलीच नाही. काही लीज करारांत सुरुवातीला ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ घेतात, तेही नेमकं रेसिड्युअल व्हॅल्यूएवढं. आपल्या उदाहरणात 3 लाख. सांगितलं जातं असं: ‘शेवटी काही भरायचं नाही, डिपॉझिटमधून वळतं होईल, गाडी तुमची.’

ऐकायला हे उलट सोयीचं वाटतं. बलूनची धास्ती गेली, हप्ता तोच 21,434. पण कंपनीने व्यापाऱ्यासाठी खिशातून किती पैसे घातले ते पाहा. गाडी 10 लाखांची, त्यातले 3 लाख पहिल्याच दिवशी व्यापाऱ्याने दिले. म्हणजे कंपनीचे फक्त 7 लाख अडकले आहेत. 7 लाखांवर 12 टक्क्यांनी हप्ता होतो 18,434. मग वरचे 3,000 कशाचे? ते शेवटच्या 3 लाखांवरचं व्याज, म्हणजेच व्यापाऱ्याच्या स्वतःच्या पैशांवरचं व्याज, जे तो दरमहा कंपनीला देतोय. डिपॉझिटवर त्याला व्याज मिळत नसेल तर या कराराचा खरा दर 12 नव्हे, 20 टक्क्यांच्याही वर जातो.

हे मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्येही एका ओळीत तपासता येतं. पहिलं सूत्र हप्ता बरोबर आहे का ते सांगतं, दुसरं खरा वार्षिक दर काढतं.

```
=PMT(1%, 48, -1000000, 300000)
=RATE(48, -21434, 700000)*12
```

पहिल्यात महिन्याचा दर, महिने, गाडीची किंमत आणि शेवटी उरणारी रक्कम आहे. दुसऱ्यात महिने, हप्ता आणि कंपनीने खरोखर घातलेले पैसे. पहिल्याचं उत्तर 21,434 च्या जवळ येतं. दुसऱ्याचं येतं सुमारे 0.2036, म्हणजे 20.36 टक्के. पहिल्या सूत्राचं उत्तर आणि कागदावरचा हप्ता जुळत नसतील तर मध्ये काहीतरी शुल्क, आगाऊ हप्ता किंवा वेगळा दर दडलेला आहे.

असं डिपॉझिट मागितलं तर दोनच गोष्टी मागायच्या: डिपॉझिटवर व्याज, किंवा ते डाउन पेमेंट धरून 7 लाखांवर हप्ता.

करार कर्जाचा असेल तर ग्राहकाला एक आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांना ‘मुख्य तथ्य पत्रक’ द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर आणि परतफेडीचा तक्ता असतो. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत मोठा आकडा दिसला की तो बलून. लीज हे कर्ज नसून भाडं असल्याने त्यासोबत असं पत्रक मिळेलच असं नाही, म्हणून तिथे वरचं दुसरं सूत्र स्वतःच चालवावं लागतं.

लीज आणि कर्जाची तुलना करताना जीएसटीही सारख्या पायावर आणावा लागतो. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. लीजच्या संपूर्ण भाड्यावर, त्यातल्या व्याजाच्या भागासकट, तो लागतो, आणि दर सहसा त्या वाहनाच्या खरेदीवर असतो तोच. मालवाहू गाड्यांसाठी 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या भाड्यावर भरलेल्या या कराचं क्रेडिट मिळू शकतं. नोंदणी नसलेल्याला ते मिळत नाही आणि त्याच्यासाठी 21,434 चा हप्ता प्रत्यक्षात 25 हजारांच्या वर जातो. तेव्हा दोन कागद समोर ठेवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: दिलेला हप्ता जीएसटी धरून आहे की सोडून?